मीटिंग संपल्यावर मागे काय उरतं? ‘डिलीट’चा एक छोटा इतिहास

मागच्या वर्षीची गोष्ट. माझा विषय तुम्हाला माहीत आहेच: महाविद्यालयीन प्रयोगशाळांमधल्या नोंदवह्यांचा इतिहास. एम.एस्सी. रसायनशास्त्रात केलं आणि मग या इतिहासाच्या नादी लागलो. तर चार निवृत्त प्रयोगशाळा सहायकांशी एक ऑनलाइन गटचर्चा ठेवली होती. सव्वा तास बोलणं झालं, सगळ्यांच्या संमतीने रेकॉर्डिंग केलं. दोन दिवसांनी त्यातल्या एका काकांचा फोन आला. “अरे, त्या दिवशी मी स्टॉक रजिस्टरबद्दल बोलण्याच्या भरात साहेबांचं नाव घेऊन गेलो. ते काढून टाक बाबा. साहेब आता नाहीत, पण त्यांची मुलं इथंच राहतात.”

मी म्हटलं, “काका, आत्ता काढतो.” आणि लॅपटॉप उघडला. ‘आत्ता’ या शब्दाला पुढे सव्वीस दिवस लागले.

संमतीपत्रात आपण सगळेच एक वाक्य लिहितो: ‘सहभागी व्यक्तीने माघार घेतल्यास तिची माहिती नष्ट केली जाईल.’ मीही लिहिलं होतं, एका सीनियरच्या फॉर्मवरून उचलून. ते पाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचा विचार मी तोपर्यंत केला नव्हता. काकांच्या त्या फोननंतर मी या ‘नष्ट करण्या’चा मागचा इतिहास वाचत गेलो, आणि आज तोच सांगणार आहे. त्याची सुरुवात व्हिडिओ मीटिंगच्या बरीच आधी होते.

१९८०च्या दशकात अमेरिकेच्या व्हाइट हाउसमधल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या कचेरीत आयबीएम कंपनीची ‘प्रॉफ्स’ नावाची प्रणाली बसवली होती. एका मोठ्या संगणकाला जोडलेले पडदे, आणि त्यावरून कर्मचारी एकमेकांना छोट्या चिठ्ठ्या पाठवत. आजच्या भाषेत ईमेल आणि चॅट यांच्या मधलं काहीतरी. लोक त्यावर अगदी सैलपणे लिहीत, कारण बोलल्यासारखं वाटायचं. लिहिल्यासारखं वाटायचं नाही. मीटिंगच्या चॅटमध्ये आपण जसं लिहितो, तसंच.

नोव्हेंबर १९८६मध्ये इराण-काँट्रा प्रकरण बाहेर आलं. इराणला गुपचूप शस्त्रं विकली आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवला, असं ते प्रकरण. सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर आणि त्यांच्या हाताखालचे ऑलिव्हर नॉर्थ यांना २५ नोव्हेंबरला पद सोडावं लागलं. त्याच्या आगेमागे या दोघांनी प्रॉफ्सवरच्या आपल्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. पॉइंडेक्स्टर यांच्या पाच हजारांहून जास्त, नॉर्थ यांच्या सातशेहून जास्त. पडद्यावरून चिठ्ठी गेली म्हणजे ती गेली, अशी त्यांची समजूत.

पण त्या संगणकाच्या चुंबकीय फितींवर बॅकअप घेतले जात. त्या फिती साधारण दोन आठवडे ठेवायच्या आणि मग पुसून परत वापरायच्या, अशी पद्धत होती. चौकशी सुरू होतेय हे दिसल्यावर यंत्रणा सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी त्या काळातल्या फिती पुसायला पाठवल्या नाहीत, बाजूला काढून ठेवल्या. काढून टाकलेल्या चिठ्ठ्या तिथून निघाल्या आणि फेब्रुवारी १९८७मध्ये आलेल्या टॉवर आयोगाच्या अहवालात त्या वापरल्या गेल्या.

इथे जरा थांबा, कारण आपल्या कामाची गोष्ट याच ठिकाणी आहे. नॉर्थ यांनी डिलीट केलं ते त्यांच्या ताब्यातल्या प्रतीला. फिती त्यांच्या ताब्यात नव्हत्या. त्यांचं घड्याळ वेगळं होतं, दोन आठवड्यांचं, आणि ते थांबवायचा अधिकार तिसऱ्याच माणसाकडे होता. आणखी तीन आठवडे कोणी काही बोललं नसतं तर त्या फिती आपोआप पुसल्या गेल्या असत्या आणि नॉर्थ यांची समजूत खरीही ठरली असती. म्हणजे ‘डिलीट झालं का?’ या प्रश्नाला एकच उत्तर कधी नव्हतं. प्रत्येक प्रतीला विचारावं लागतं: तू कोणाच्या ताब्यात, आणि तुझे किती दिवस उरलेत?

याच फितींची पुढची कथा चॅटच्या संदर्भात तेवढीच महत्त्वाची आहे. १९ जानेवारी १९८९, रेगन यांच्या कारकिर्दीचा शेवटचा पूर्ण दिवस. सरकार बदलणार म्हणून प्रॉफ्सवरचं जुनं सगळं पुसायची तयारी झाली होती. वॉशिंग्टनमधल्या ‘नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह’ या खासगी संस्थेने स्कॉट आर्मस्ट्राँग यांच्या नावाने न्यायालयात धाव घेतली आणि त्याच दिवशी पुसण्याला मनाई मिळवली. सरकारचं म्हणणं साधं होतं: जे महत्त्वाचं आहे त्याचा कागदावर छापा काढून फायलीला लावा, मग यंत्रातलं पुसलं तर काय बिघडलं?

खटला चार वर्षांहून जास्त चालला. ऑगस्ट १९९३मध्ये अपील न्यायालयाने सरकारचं म्हणणं फेटाळलं. कारण असं की कागदी छाप्यावर मजकूर येतो, पण तो कोणाकोणाला गेला, त्यांना कधी मिळाला, हे दर वेळी येत नाही. ते यंत्रात वेगळ्या यादीत असतं. तेवढं सोडून दिलं तर तो छापा म्हणजे मूळ नोंद नव्हे.

मी हे वाचलं तेव्हा मला माझाच एक उद्योग आठवला. मीटिंगचं चॅट मी कॉपी करून वर्ड फाइलीत चिकटवायचो आणि मूळ काढून टाकायचो. मजकूर आहे ना, बस. पण कोणता प्रश्न कोणत्या मिनिटाला आला, ‘हो’ हे उत्तर त्याआधीच्या कोणत्या प्रश्नाला होतं, ते चिकटवताना गेलं. चर्चेत दोन बोलणी एकदम चालू असतात, त्यामुळे चॅटमधला ‘हो’ वेळेशिवाय निरर्थक ठरतो. काढण्याआधी वेळेसकट जपा, हे तेव्हापासून पाळतो.

आता तीस वर्षांची उडी मारून २०२०मध्ये येऊ. कोविड आला आणि प्रॉफ्ससारखं सैल बोलणं सगळ्यांच्याच कामाचा भाग झालं. मात्र ‘एक मीटिंग’ असं आपण म्हणतो तेव्हा मागे एक वस्तू उरत नाही, निदान तीन उरतात. रेकॉर्डिंग, चॅट आणि वाटलेल्या फायली. त्या तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या मालकांकडे जातात.

मायक्रोसॉफ्ट टीम्सचं उदाहरण घ्या. तुम्ही चॅटमध्ये एखादी पीडीएफ टाकली तर ती चॅटमध्ये राहत नाही. ती तुमच्याच वनड्राइव्हमध्ये एका ठरावीक फोल्डरमध्ये जाते आणि चॅटमध्ये फक्त तिचा दुवा दिसतो. रेकॉर्डिंग हीही वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटमधली एक फाइल असते. चॅटचा मजकूर मात्र तिसरीकडेच साठतो. संस्थेच्या खात्यात काढलेली फाइल कचरापेटीच्या दोन टप्प्यांत मिळून ९३ दिवस परत आणता येते. रेकॉर्डिंगला कंपनीने स्वतःहून मुदतही घातली आहे. संस्थेने बदल केला नसेल तर नवं रेकॉर्डिंग १२० दिवसांनी आपोआप कचरापेटीत जातं. शोधनिबंधाच्या मध्यावर हे कळलं तर काय होईल, विचार करा. आणि तुम्ही आपल्या यादीतून एखादं चॅट डिलीट केलंत, तर ते फक्त तुमच्यापुरतं जातं, बाकीच्यांकडे तसंच.

या चॅटचा स्वभाव किती वेगळा आहे, ते ऑगस्ट २०२०मध्ये केपीएमजी या लेखापरीक्षण कंपनीत दिसलं. टीम्समध्ये संस्थेला ‘जतन धोरण’ लावता येतं: अमुक लोकांचं चॅट इतके दिवस ठेवा, मग पुसा. एका खात्याला अशा धोरणातून वगळायचं होतं. बदल करताना माणसाकडून चूक झाली आणि तो बदल त्या एका खात्याऐवजी कंपनीच्या सगळ्या टीम्स वापरणाऱ्यांना लागू झाला. सुमारे १,४५,००० लोकांची वैयक्तिक चॅट गेली. मायक्रोसॉफ्टकडे विचारणा झाली, पण ती परत आणता आली नाहीत. धोरणाने पुसलेल्या चॅटला फाइलसारखी कचरापेटी नसते.

नॉर्थ यांची आणि ही गोष्ट शेजारी ठेवून बघा. एकाला पुसायचं होतं, पुसलं गेलं नाही. दुसऱ्यांना पुसायचं नव्हतं, कायमचं गेलं. दोन्हीकडे पडद्यासमोरच्या माणसाला एकच गोष्ट माहीत नव्हती, ती म्हणजे आपल्या हुकमाची हद्द. आणखी एक. कर्मचाऱ्यांनी चॅटमध्ये दुवे दिलेल्या फायली आणि ते चॅट, यांचं नशीब एकत्र बांधलेलं नसतं. चॅट गेलं तरी फाइल मालकाच्या वनड्राइव्हमध्ये पडून राहू शकते, आणि फाइल गेली तरी चॅटमध्ये मेलेला दुवा तिच्या नावासकट राहतो. नावातच ‘पाटील_तक्रार_अंतिम’ असं लिहिलेलं असेल तर फाइल काढून उपयोग काय?

तिसरी गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्याला क्वचित लागते, पण लागली की फार लागते. गूगल कंपनीत अंतर्गत चॅट बराच काळ अशा ठेवणीवर होतं की कोणी मुद्दाम ‘जतन करा’ म्हटलं नाही तर २४ तासांत ते पुसलं जाई. कंपनीवर प्ले स्टोअरच्या मक्तेदारीचा खटला चालू झाला, पुरावे जपणं बंधनकारक झालं, तरी कोणतं चॅट ठेवायचं हे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मर्जीवर राहिलं. मार्च २०२३मध्ये न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी ठरवलं की कंपनीने पुरावे जपण्याचं कर्तव्य पाळलं नाही. इथे कोणी बसून काही डिलीट केलेलं नव्हतं. घड्याळ चालू ठेवलं, एवढंच. आपल्यासाठी याचा अर्थ असा: तुमच्या मीटिंगबद्दल, मार्गदर्शकाबद्दल किंवा एखाद्या सहभागी व्यक्तीबद्दल तक्रार, चौकशी सुरू झाली असेल, तर त्या दिवसापासून काढायचं थांबवा आणि आधी नीतिसमितीला लेखी विचारा. आपोआप पुसण्याची मुदत लावलेली असेल तर तीही थांबवा. ‘मी काही केलंच नाही’ हे तिथे चालत नाही.

आता परत काकांकडे. आमची चर्चा गूगल मीटवर होती, विभागाच्या सामाईक खात्यावरून, कारण माझ्या साध्या खात्यावर रेकॉर्डिंगची सोय नव्हती. मी पहिल्या संध्याकाळी एक कागद घेतला आणि त्या मीटिंगमधून काय काय जन्मलं ते लिहीत गेलो. विभागाच्या ड्राइव्हमध्ये `Meet Recordings` नावाच्या फोल्डरात एक व्हिडिओ. त्याच्या शेजारी `.sbv` फाइल, म्हणजे वेळेसकट चॅट. एक गूगल डॉक, त्यात बोलण्याची आपोआप झालेली लिखित प्रत. माझ्या लॅपटॉपवर उतरवलेला तोच व्हिडिओ. रविवारी घेतलेल्या बॅकअपमुळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर त्याची आणखी एक प्रत. माझ्या वहीतली हातची टिपणं. काकांनी स्टॉक रजिस्टरच्या तीन पानांचे फोटो एका पीडीएफमध्ये घालून चॅटमध्ये दुवा दिला होता. ती फाइल काकांच्याच ड्राइव्हमध्ये. आणि कॅलेंडरच्या नोंदीला जोडलेले रेकॉर्डिंगचे दुवे, शिवाय त्याबद्दल आलेले ईमेल.

आठ ओळी झाल्या. मी ‘आत्ता काढतो’ म्हणालो तेव्हा डोक्यात पहिली एकच होती.

पहिला पेच तांत्रिक नव्हताच. काकांना काढायची होती अकरा मिनिटं. उरलेला तास बाकी तिघांचा होता आणि त्यांनी माघार घेतली नव्हती. सगळा व्हिडिओ पुसणं म्हणजे त्यांनी दिलेलं टाकून देणं. गटचर्चेत ही अडचण दर वेळी येणार, म्हणून संमतीपत्रातच लिहून ठेवा की माघार घेतल्यास तुमचं बोलणं कापलं जाईल, सगळं रेकॉर्डिंग नव्हे. माझ्या फॉर्ममध्ये ते नव्हतं. मार्गदर्शकांशी बोलून, काकांना विचारून, अकरा मिनिटं कापायची असं ठरलं. शिवाय मागेपुढे कोणी त्या साहेबांचा उल्लेख केला आहे का, ते ऐकायचं. एका काकूंनी केला होता, चाळिसाव्या मिनिटाला, “हे म्हणतात तसंच” एवढाच. त्या वाक्याने मागचं सगळं परत उभं राहत होतं. त्यांना फोन करून तेही काढलं.

कापलेला व्हिडिओ तयार झाला. आता मोह असा होतो की ड्राइव्हवर जुन्याच फाइलीची नवी आवृत्ती म्हणून तो चढवावा, दुवा तोच राहील. करू नका. ड्राइव्ह अशा फाइलीच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत सांभाळतं, आणि कोणी ‘कायम ठेवा’ अशी खूण केली असेल तर तेवढ्यावरही थांबत नाही. फाइलीवर बदलाचा अधिकार असलेल्या माणसाला मधली अकरा मिनिटं शांतपणे उतरवून घेता येतात. लिखित प्रतीचं तर आणखी सोपं. गूगल डॉकमधून परिच्छेद खोडलात तरी `Version history` उघडली की तो रंगात दिसतो, कोणी कधी खोडला यासकट. मी आधी नेमकं हेच केलं होतं. एका मित्राला दाखवलं, त्याने दोन क्लिकमध्ये साहेबांचं नाव वाचून दाखवलं. मग दोन्हीसाठी एकच मार्ग धरला: कापलेली प्रत अगदी नवीन फाइल म्हणून ठेवायची, आणि जुनी फाइल पूर्ण घालवायची. डॉकची प्रत काढली की तिच्यासोबत जुना इतिहास येत नाही, हे उघडून तपासलं.

जुनी फाइल घालवतानाही क्रम महत्त्वाचा आहे. मालकाने फाइल कचरापेटीत टाकली तरी ज्यांना ती आधी दाखवलेली असते त्यांना ती कायमची पुसली जाईपर्यंत बघता येते. हे वाचून मला खरंच धक्का बसला. कचरापेटी ३० दिवस असते, म्हणजे तुम्ही ‘काढलं’ म्हणून सांगितलंत आणि पुढचा महिनाभर दुवा चालू. म्हणून आधी फाइलीचं शेअरिंग उघडून एकेकाचा प्रवेश काढायचा आणि ‘दुवा असलेल्या कोणालाही’ हे बंद करायचं. मग दुसऱ्या ब्राउझरमधून, लॉगिन न करता आणि एकदा दुसऱ्याच्या खात्यातून, तो दुवा उघडून बघायचा. परवानगी मागणारं पान आलं तर ठीक. त्यानंतर कचरापेटी, त्यानंतर कचरापेटीतूनही कायमचं. सामाईक खातं विभागातल्या दोघांकडे होतं, म्हणून हे करताना दुसऱ्या सरांना समोर बसवलं. त्याच खात्याने हे करणं गरजेचंही होतं. मालक नसलेल्या माणसाने फाइल ‘काढली’ तर ती फक्त त्याच्या यादीतून जाते.

एवढं झाल्यावरही एक फीत उरते, अगदी प्रॉफ्ससारखी. संस्थेच्या खात्यातून कायमची पुसलेली ड्राइव्ह फाइल संस्थेचा व्यवस्थापक पुढचे २५ दिवस परत आणू शकतो. आणि संस्थेने जतनाचा वेगळा नियम लावलेला असेल तर त्यापलीकडेही ती राहू शकते. मी संगणक केंद्रात जाऊन विचारलं. तिथल्या सरांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. लोक त्यांच्याकडे गेलेली फाइल परत आणायला येतात, गेलेली आहे ना याची खात्री करायला कोणी येत नाही. त्यांनी बघून सांगितलं की आपल्याकडे असा नियम लावलेला नाही. मग मी तारीख मोजली, आणि काकांना तीच सांगितली: अमुक तारखेपर्यंत संस्थेला ती परत आणता येते, त्यानंतर नाही.

लॅपटॉप आणि हार्ड डिस्क माझ्या हातातली. दोन्हीकडून फाइल काढली, रीसायकल बिन रिकामी केली. लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, तिथे एकाच फाइलीवर पुन्हा पुन्हा लिहून ती नक्की पुसली जाईल याची हमी नसते, कारण डिस्क नवं लिखाण दुसऱ्याच जागी टाकते. माझी डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट केलेली होती म्हणून मी निश्चिंत झालो. तुमची नसेल तर मुलाखती सुरू करण्याआधी करून घ्या. नंतर केल्याने आधीचे तुकडे झाकले जातीलच असं नाही. वहीतलं पान? त्यातली चार ओळींची नोंद काळ्या शाईने पूर्ण झाकली. पान फाडलं नाही, कारण पाठीमागे दुसऱ्याच मुलाखतीची टिपणं होती.

कॅलेंडरच्या नोंदीतला जुना दुवा काढला. ईमेलमधला दुवा मेलेला होता, फाइलीच्या नावात फक्त विभाग आणि तारीख होती, तो राहू दिला.

या सगळ्याची मी एका पानाची नोंद ठेवली: कोणती प्रत, कुठे होती, कोणी काढली, कधी, आणि तपासली कशी. त्या नोंदीत काकांचं नाव नाही, संकेतांक आहे. काय काढलं हेही एवढंच लिहिलंय: ‘अकरा मिनिटं, तृतीय व्यक्तीचा उल्लेख’. नाहीतर पुसल्याच्या नोंदीतच पुसलेलं परत लिहून ठेवलं, असं व्हायचं. आणि हो, नोंद न ठेवता सगळं पुसलं असतं तर उद्या परीक्षकांनी विचारलं असतं, सव्वा तासाची चर्चा एक तास चार मिनिटांची कशी झाली? त्यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

राहिली ती काकांची स्वतःची पीडीएफ. ती त्यांच्या ड्राइव्हमध्ये, माझ्या हातात काहीच नव्हतं. फोनवर एकेक पायरी सांगत मी त्यांच्याकडून प्रवेश बंद करवला. वीस मिनिटं लागली, त्यातली दहा पासवर्ड आठवण्यात. मग बाकी तिघांना फोन केले. दोघांनी ती उघडलीच नव्हती. तिसऱ्या काकांनी मात्र उघडून फोनमध्ये उतरवली होती, आणि जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलीही होती, ‘आठवणी’ म्हणून. ग्रुपमध्ये एकोणतीस जण. तिसऱ्या पानावर साहेबांची सही स्वच्छ दिसत होती. ‘सर्वांसाठी डिलीट’ करायची वेळ उलटून गेली होती, आणि ज्यांच्या फोनमध्ये ती उतरली होती त्यांच्याकडून ती तशीही आपोआप गेली नसती.

मी काकांना हे लपवून न ठेवता सांगितलं. माझ्याकडच्या आणि संस्थेकडच्या प्रती अमुक तारखेला संपतात, ग्रुपवरच्या प्रतीचं मला काही करता येणार नाही. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सहीचं काही नाही रे, ती तर गॅझेटमध्येपण असेल. मी बोललो ते गेलं ना?”

सव्विसाव्या दिवशी सकाळी संगणक केंद्रातल्या सरांना परत एकदा बघायला सांगितलं. परत आणण्याच्या यादीत ती फाइल नव्हती. काकांना फोन करून कळवलं.

माझ्या संमतीपत्रातलं ते वाक्य आता असं आहे: ‘आपण माघार घेतल्यास आपलं बोलणं आमच्या व संस्थेच्या ताब्यातील सर्व प्रतींमधून ६० दिवसांच्या आत काढलं जाईल व तसं आपल्याला कळवलं जाईल. इतर सहभागींनी स्वतःकडे घेतलेल्या प्रतींवर आमचं नियंत्रण नाही.’ शेवटचं वाक्य वाचून एका आजींनी सहीच केली नाही. त्यांची मुलाखत मी रेकॉर्डिंग न करता, त्यांच्या घरी बसून, वहीत लिहून घेतली.